एक तास उशीर, सत्तर मिनिटांची कात्री

नाशिकला गंगापूर रोडच्या एका मोकळ्या मैदानावरचं हे आमच्या कॉलनीचं वार्षिक संमेलन. डिसेंबरातला शनिवार, वेळ सहाची. रंगमंच व्यवस्था माझ्याकडे होती, म्हणजे विंगेत उभं राहून कोण कधी आत जाणार आणि कधी बाहेर येणार हे सांभाळायचं. सहा वाजता खुर्च्या भरल्या होत्या, मुलं मेकअप करून बसली होती आणि रंगमंचावर साउंडवाल्यांची माणसं अजून वायरी ओढत होती. त्यांची गाडीच दुपारी दोन तास उशिरा आली होती. ऑर्केस्ट्रासाठी मैदानाच्या डाव्या अंगाला वेगळा छोटा मंच होता. त्यांचं साउंडचेक लांबलं आणि मॉनिटरमध्ये शिट्टी येत राहिली. सहा वीसला मी साउंडवाल्याला विचारलं, "खरं सांगा, किती वेळ?" तो म्हणाला, "अजून अर्धा तास धरा." अर्ध्या तासाच्या वर दहा मिनिटं माझ्याकडून घालून मी सात वाजता सुरुवात असं मनाशी पक्कं केलं.

त्या घडीला बरीच माणसं एकच उपाय सुचवतात: "सगळ्यांना सांगा, पटापट आटपा." याने काही होत नाही. पाच मिनिटांचा नाच पटापट नाचता येत नाही, आणि गाणारा घाईत गायला की त्याचा सूर आधी जातो, वेळ वाचत नाही. वेळ काढायचा तर कुठून काढणार, हे मिनिटांत मांडावं लागतं.

म्हणून पहिलं काम शेवट ठरवण्याचं. उघड्या मैदानावर हा शेवट आपल्या हातात नसतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले, त्यांच्यानुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या मोजक्या सणासुदीच्या दिवसांना सरकार रात्री बारापर्यंत सूट देतं, पण आमचा दिवस त्यातला नव्हता. बंदिस्त सभागृहाला हा दहाचा नियम तसा लागत नाही, तिथली अडचण वेगळी असते. कालिदास कलामंदिरासारख्या ठिकाणी नाट्यगृह सत्रावर घेतलेलं असतं, तेव्हा शेवट सत्राच्या वेळेवरून धरावा लागतो. आमचा शेवट मी नऊ पंचावन्न धरला. दहाला पाच कमी, कारण शेवटचं पसायदान घड्याळाकडे बघत म्हणायचं नसतं.

मग बेरीज. छापलेल्या पत्रिकेवर सहा ते पावणेदहा असं होतं, आणि आखणीच्या कागदावरच्या बाबींची बेरीज येत होती २२१ मिनिटं. दिसायला बरोबर. पण त्या कागदावर नुसते कार्यक्रम होते, मधल्या जागा नव्हत्या. लहान मुलांचे सहा नाच, प्रत्येकी चार मिनिटं. पण एक गट उतरून दुसरा उभा राहीपर्यंत दीड मिनिट जातं, म्हणजे तिथेच नऊ मिनिटं. एकांकिका ३५ मिनिटांची, पण तिचं नेपथ्य लावायला दहा आणि काढायला पाच. ही २४ मिनिटं कोणीच मोजलेली नव्हती. खरी लांबी २४५ मिनिटं होती. म्हणजे वेळेवर सुरू झालो असतो तरी दहा वाजून पाच मिनिटांनी संपलो असतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत माइक बंद करावा लागला असता. सातला सुरू करून नऊ पंचावन्नला संपवायचं तर हातात होती १७५. उशीर एका तासाचा होता, पण कापायची होती सत्तर मिनिटं. हा आकडा माहीत नसता तर मी साठ कापून निवांत झालो असतो आणि दहाला पुन्हा अडकलो असतो.

कागद घेऊन मी आधी अध्यक्षांकडे गेलो. कॉलनीतले ज्येष्ठ, सगळे त्यांना काकाच म्हणतात. मी म्हणालो, "काका, आज कापाकापी करावी लागणार. शेवटचा शब्द एकाचाच असू द्या. माझा असू द्या किंवा तुमचा, पण दोघांचा नको." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तुझा. फक्त सत्कार कोणाचाही गाळू नकोस." ही अट मला सोयीची होती, कारण त्यातून काय कापायचं नाही हे आधीच कळलं. हे बोलणं झालं नसतं तर दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी विंगेत येऊन आपल्या भाचीच्या नाचाची वकिली केली असती.

कापायला सुरुवात मी कलाकारांपासून केली नाही. आधी अशा जागा शोधल्या जिथे कोणाचीच कला चालू नसते. प्रास्ताविक, स्वागत आणि दीपप्रज्वलन मिळून वीस मिनिटं होती. प्रमुख पाहुणे अजून मुंबई नाक्यावरच्या गर्दीत होते, त्यामुळे दिवा कॉलनीतल्या सर्वांत वयस्कर आजींच्या हातून लावायचा आणि दहा मिनिटांत आटपायचं असं ठरलं. मुलांच्या नाचांच्या मधल्या नऊ मिनिटांतली सहा काढली. त्यासाठी पुढचा गट आधीच विंगेत उभा हवा, आणि निवेदिकेने प्रत्येक नाचापुढे ओळख करून न देता दोन नाचांची नावं एकदम सांगायची. सत्काराचे चौदा मानकरी होते, एकेकाला बोलावून परिचय वाचून शाल-श्रीफळ, आणि वर पाहुण्यांचं भाषण, असे चाळीस मिनिटांचे प्रकरण. चौदाही जण एका रांगेत उभे करून, परिचय न वाचता फक्त नावं घेत, पाहुणे आणि काका रांगेतून पुढे सरकत शाल देतील, असं केलं. बावीस मिनिटं. बक्षीस वितरणात प्रत्येक स्पर्धेचे तिघे विजेते एकदम वर, एकच फोटो. पंचवीसची पंधरा.

सर्वांत स्वस्त वेळ मिळाला तो पडद्यातून. रंगमंचाला दोरीने ओढायचा दर्शनी पडदा होता. तो ओढून सत्कार पडद्यापुढच्या पाच फुटांत करायचा आणि मागे एकांकिकेचं घर उभं करायचं. एकांकिका संपली की पुन्हा पडदा, पुढे बक्षिसं, मागे घर मोडायचं. पंधरा मिनिटं वाचली आणि प्रेक्षकांना काही कापलं गेल्याचं कळलंही नाही. एकच काळजी घ्यावी लागते: मागे खाट सरकवण्याचा आवाज पुढच्या माइकमध्ये जातो. त्यामुळे सामान उचलूनच न्यायचं, ओढायचं नाही, हे नेपथ्याच्या मुलांना बजावून ठेवलं.

एवढ्यावर माझ्याकडे एकोणसाठ मिनिटं जमली. अजून अकरा हवी होती, आणि थोडी गाठीला. आता कलाकारांकडे जाणं भाग होतं.

इथे मला एक फरक फार महत्त्वाचा वाटतो. जे पेनड्राइव्हवरच्या ट्रॅकवर आहे ते आयत्या वेळी कमी होत नाही. मुलांच्या पायांत ते गाणं जसंच्या तसं बसलेलं असतं, मधला अंतरा काढला तर चौथ्या रांगेतली मुलगी रंगमंचावरच रडते. एकांकिकाही आयत्या वेळी कापू नये. एक प्रवेश काढला की प्रकाशाचे आणि संगीताचे सगळे इशारे सरकतात, आणि नटाला पुढचं वाक्य ज्या वाक्यावरून आठवतं तेच नाहीसं होतं. एकांकिका पूर्ण करायची किंवा अजिबात करायची नाही. आमच्या एकांकिकेत वडिलांचं काम करणारा अंबडच्या कारखान्यातून सुटून साडेसातला पोचणार होता, त्यामुळे ती पुढे-मागेही हलवता येत नव्हती. कमी होऊ शकतं ते फक्त जिवंत साथीवरचं. आमच्याकडे अशा दोनच गोष्टी होत्या: कथक, ज्याला तबला आणि लेहऱ्याची पेटी होती, आणि ऑर्केस्ट्रा.

कथकच्या ताईंकडे मी पावणेसातला गेलो. त्या ग्रीनरूमच्या तंबूत एका मुलीच्या घुंगरांची दोरी बांधत होत्या, आठ मुली स्वेटर घालून रांगेत बसलेल्या. मी खाली बसलो आणि म्हणालो, "ताई, तुम्ही सात सदतीसला आत जाल. वीस मिनिटांची चौदा करावी लागतील. काय काढायचं ते तुम्ही सांगा." त्यांनी घुंगरांवरून नजर काढली नाही. "कोणाकोणाचं कमी करताय?" मी कागद दाखवला. प्रास्ताविक दहावर, सत्कार बावीसवर आलेले त्यांनी बघितले आणि मग बोलायला लागल्या. माझ्या मनात होतं की अभिनयाचा भाग काढावा. तो एकाच मुलीचा होता, साडेचार मिनिटांचा, काढायला सोपा. मी तसं सुचवलंही. त्या म्हणाल्या, "नाही. ती चार महिने तेवढंच करते आहे. बाकीच्यांचं थोडं थोडं कमी होऊ दे." मग तबल्याच्या दादांना हाक मारली आणि माझ्यासमोरच सांगितलं: शेवटची पावलांची आणि तबल्याची जुगलबंदी नाही, तोडे दोनदा न घेता एकदाच, तत्कार तिप्पटीपर्यंत न नेता दुगुणीवर तिहाई. जुगलबंदीची चार मिनिटं, तोडे आणि तत्कार मिळून दोन. दादांनी मान हलवली आणि तिहाई एकदा मांडीवर वाजवून दाखवली. मुलींना ताईंनी एकाच वाक्यात सांगितलं: "तत्कार दुगुणीवर संपेल, माझ्याकडे बघा." सगळं मिळून पाच मिनिटं लागली.

मी "अभिनय काढा" असं सांगून निघून गेलो असतो तर साडेचार मिनिटं मिळाली असती, आणि तीही चुकीची. कुठली मिनिटं महाग आणि कुठली स्वस्त हे ज्याने बसवलंय त्यालाच माहीत असतं. आपण आकडा न्यायचा आणि आत जायची वेळ सांगायची. ती वेळही नेमकी हवी. "थोडा उशीर होईल" असं ऐकलेला कलाकार पुढचा तासभर ताटकळत उभा राहतो. नाशिकची डिसेंबरातली थंडी उघड्या मैदानावर सहाच्या पुढे अंगात शिरते. मुलांच्या आयांना मी गटागटाने वेळ सांगितली: "तुमचा नाच सात वाजून अठरा मिनिटांनी. सात दहाला स्वेटर काढा, आधी नाही."

ऑर्केस्ट्राचे दादा समजूतदार होते. दहा गाणी होती, गाण्याला निवेदनासकट पाच मिनिटं. आठ करू म्हणाले. कथकच्या सहात ही दहा मिळवून माझी बेरीज पंच्याहत्तर झाली. पाच मिनिटं गाठीला.

मग कागद. नव्या क्रमाचा नवा कागद करायचा मोह होतो, तो टाळावा. साउंडवाल्याच्या पेनड्राइव्हवर फाइलींना जुन्या यादीतले आकडे दिलेले असतात: ०४, ०५, ०६. मधलं एखादं गाळून पुढच्यांना नवे आकडे दिले की निवेदिका सातवा म्हणते आणि साउंडवाला जुना सातवा लावतो. मी जुन्याच कागदाच्या तीन प्रतींवर लाल पेनने गाळलेलं कापलं, कमी केलेल्यापुढे नवी मिनिटं लिहिली, आकडे तसेच ठेवले. एक प्रत निवेदिकेला, एक साउंडला, एक विंगेत दोरीला चिमट्याने. निवेदिकेला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, सुरुवातीलाच एकदा स्पष्ट माफी मागायची आणि संपण्याची वेळ सांगायची: "आपण तासभर उशिरा सुरू करतोय, क्षमा असावी, नऊ पंचावन्नला कार्यक्रम संपेल." लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन आलेल्यांना थांबायचं की जायचं हे त्यावरून ठरवता येतं. दुसरी, त्यानंतर "वेळेअभावी" हा शब्द कुठल्याही कलाकाराच्या आधी उच्चारायचा नाही. तो ऐकून आत जाणारा माणूस आधीच पडलेला असतो.

सातला सुरू झालो. सात सदतीसला कथक, एकावन्नला संपलं, त्या मुलीच्या अभिनयाला मैदान शांत होतं. पाहुणे मधेच पोचले होते. चौदा सत्कार ठरल्याप्रमाणे झाले आणि भाषण सुरू झालं. आठ मिनिटं ठरली होती. दहाव्या मिनिटाला मी चिठ्ठी पाठवली, त्यांनी वाचली, पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली आणि पुढे बोलत राहिले. सतरा मिनिटं. साउंडवाल्याने माझ्याकडे बघून आवाज कमी करू का अशी खूण केली. मी नाही म्हणालो, आणि ते बरोबरच होतं. बोलणाऱ्याचा माइक घालवणं हा अपमान आहे, आणि तसं केलं की माणूस पहिल्यापासून सुरू करतो. चूक माझ्या हिशोबात होती. पडदा ओढून वाचवलेली मिनिटं पक्की असतात, ताईंनी कबूल केलेली जवळजवळ पक्की असतात, पण दुसऱ्याच्या भाषणातून वाचणारी मिनिटं ही नुसती आशा असते. ती मी पक्क्यांत धरली होती.

नऊ मिनिटं गेली. गाठीची पाच संपून चार अंगावर आली, शेवट नऊ एकोणसाठवर जात होता. एकांकिका सुरू झाल्यावर, साडेआठच्या सुमारास, मी ऑर्केस्ट्राच्या मंचाकडे जाऊन दादांना म्हणालो, "अजून एक कमी करा, सात." ते म्हणाले, "ठीक, सातवं काढतो." मी परत विंगेत आलो. या दोन वाक्यांत मी त्या रात्रीची सर्वांत मोठी चूक केली.

नऊ वीसला, ऑर्केस्ट्राचं दुसरं गाणं चालू असताना, मला त्यांच्या मंचाच्या पायरीशी कॉलनीतल्याच एक काकू दिसल्या. नऊवारी, हातात गाण्याची वही, वहीच्या पानावर बोट ठेवून ओठ हलवत उभ्या. मी यादी बघितली. सातवं गाणं त्यांचं होतं, आणि त्यांचं ते एकच. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. दादांना वाटलं मी सांगेन, मला वाटलं दादा सांगतील. पहिल्या वेळी दोन गाणी काढली ती मुख्य गायकांच्या वाट्यातली होती, त्यामुळे कोणाचं जातंय हा प्रश्न तेव्हा उठलाच नाही. दुसऱ्या वेळी मी फक्त आकडा दिला आणि "कोणाचं?" हे विचारलं नाही. कथकच्या तंबूत जे पाच मिनिटं बसून केलं होतं, ते इथे उभ्या उभ्या दहा सेकंदांत उरकलं होतं.

गाणं चालू असताना वादकांशी बोलायचं नसतं. दोन मिनिटं मी पायरीशी थांबलो. काकूंनी विचारलं, "माझं किती नंतर?" मी खरं ते सांगितलं: "काकू, तुमचं गाणं यादीतून गेलं होतं, तुम्हाला सांगायचं माझ्याकडून राहिलं. थांबा, मी बघतो." त्यांचा चेहरा पडला, वही मिटली, पण त्या हलल्या नाहीत. गाणं संपल्याबरोबर मी दादांच्या कानाशी गेलो. गाणी सातच राहतील, पण मुख्य गायकाची अजून तीन आहेत, त्यातलं एक काढून काकूंचं घ्या. गायकाने स्वतःच आपल्या यादीवर बोट ठेवलं, "हे काढा, त्यांचं पुढचं घ्या." सूर बदलत होता, पेटीवाल्याने काकूंना हळूच सूर देऊन विचारलं, "हाच ना?" त्यांनी मान हलवली. निवेदिकेच्या आणि साउंडच्या कागदावर मी जाऊन स्वतः खूण केली, निरोप पाठवला नाही.

नऊ सत्तेचाळीसला ऑर्केस्ट्रा संपला. आभार, पसायदान, नऊ चोपन्न. साउंडवाल्याने फेडर खाली ओढले तेव्हा मुलांचे बाबा खुर्च्या गोळा करायला लागले होते.

कथकच्या ताईंना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. त्या म्हणाल्या, चौदा मिनिटांचंच बरं झालं, पुढच्या वेळी तेवढंच बसवेन. काकूंच्या घरी मी गेलो. त्यांनी चहा दिला आणि एवढंच म्हणाल्या, "नाही म्हटलं असतंत तरी चाललं असतं. साडेआठला म्हणायचं होतं, मी शाल पांघरून खाली बसले असते."

आता माझ्या कागदावर मिनिटांच्या रकान्याशेजारी अजून दोन रकाने असतात. एकात त्या बाबीत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव, गटाचं नाही. दुसऱ्यात, बदल झाला तर त्या माणसाला मी स्वतः किती वाजता सांगितलं ती वेळ. तो दुसरा रकाना कोरा असेल तोवर त्या बाबीवर लाल रेघ मारत नाही.